मदत हवी आहे: स्टायलिस्टने पत्रात लिहिलेले रंग अंगावर आजारी दिसतायत

मंजिरी_क: ऑनलाईन स्टायलिस्टला फोटो पाठवून सल्ला घेतला, पैसे भरले, तिने दोन पानी पत्र पाठवलं. थोडक्यात असं की तुमचा वर्ण वॉर्म, म्हणून मोहरी, विटकरी, ऑलिव्ह घाला, राणी आणि जांभळा टाळा, खांदे रुंद म्हणून बोटनेक नको, व्ही गळा, कुर्ता सरळ कटचा. मोहरी रंगाचं कापड आणलं तर कावीळ झाल्यासारखी दिसतेय!! भावाचा साखरपुडा आहे, शनिवारी टेलरकडे कापड द्यायचंय. काय करू लवकर सांगा.

पिंपळपान: फोटो कुठल्या उजेडात काढले होते?

रेवा७७: उजेड कशाला, मनगटाच्या शिरा बघ. निळ्या दिसल्या तर कूल, हिरव्या तर वॉर्म. दोन मिनिटांचं काम.

पिंपळपान: रेवा, शिरांचा रंग वरच्या कातडीतून उजेड कसा येतो त्यावर ठरतो, सावळ्या वर्णावर तर काहीच धड दिसत नाही. ट्यूबखाली एक आणि उन्हात दुसरं उत्तर येतं.

रेवा७७: माझ्या बाबतीत बरोबर आलं होतं बाई.

शशांक_ठाणे: बायकोच्या स्टायलिस्टने पण असंच फसवलं, केराटिन केलं आणि नंतर केस गळायला लागले. सलून नेहमी ओळखीचंच बघावं.

मंजिरी_क: अहो केसांचा विषय नाहीये हा! फोटो हॉलमध्ये काढले, रात्री, ते पिवळे एलईडी आहेत ना त्यात. सासूबाईंनी सोफ्यासमोर उभं राहून काढले, पूर्ण यावी म्हणून फोनचा झूम ०.५ वर ठेवून. केसांना मेंदी लावते मी, कोणी विचारलंच नाही.

पिंपळपान: मग पत्रातली निम्मी वाक्यं तिथूनच आलीयत. पिवळ्या दिव्यात फोन चेहऱ्यावरचा पिवळेपणा पूर्ण काढत नाही, त्यात मेंदीने केस तांबूस, म्हणजे समोरच्या बाईला सगळंच वॉर्म दिसलं, तिचा तरी काय दोष. आता असं कर. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभी राहा, ऊन थेट अंगावर नको, घरातले दिवे बंद, केस पांढऱ्या ओढणीत झाकून टाक. गालाजवळ झेरॉक्सचा कोरा कागद धर. फोटोत कागदच पिवळट आला तर चेहऱ्याचा रंगही खोटा आलाय, तो फोटो बाद.

आणि मोहरीचा एक फोटो, राणीचा दुसरा असं करू नकोस. मोठं रंगीत कापड समोर आलं की फोन स्वतःच रंग सावरायला जातो आणि तुझी कातडी दर फोटोत वेगळी दिसते. दोन्ही कापडं एकाच फोटोत घे, एकेका खांद्यावर एक, मग बाजू बदलून परत. बघायचं एवढंच की कुठल्या कापडाकडे डोळ्याखालचं आणि ओठाभोवतीचं काळं जास्त उठतं.

गोधडी_नाशिक: हे वर्णाला ऋतूंची नावं देणं नि वॉर्म-कूल १९८०च्या दशकात अमेरिकेत गाजलेलं प्रकरण, गोऱ्या कातडीवर बेतलेलं. आपल्याकडे राणी कोणाला वाईट दिसत नाही. पैठणी नेस आणि मोकळी हो.

पिंपळपान: सगळ्यांना चालत असता तर हिने धागा कशाला काढला असता.

शिलाईवाली: रंगाचं तुम्ही बघा, मी ब्लाउज-कुर्ते शिवते म्हणून फिटिंगचं विचारते. मंजिरी, रेडिमेड कुर्ता घेतेस तेव्हा खांद्याची शिवण कुठे येते आणि सीटवर कसा बसतो?

मंजिरी_क: सीटला बसेल असा घेतला तर शिवण दंडावर उतरते. खांद्याला बसेल तो घेतला तर साइड कट फाकतो आणि कमरेखाली आडव्या चुण्या पडतात. नेहमीच.

शिलाईवाली: मग खांदे रुंद कुठले, तुझे तर अरुंद! ०.५ वर जवळून, वरच्या बाजूने काढला की वरचं अंग फुगतं आणि पाय आखूड दिसतात. फोन कमरेच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर, १ वर ठेवून परत काढ. सरळ कट तुला सीटवर अडकणारच, एलाइन घे, माप सीटचं देऊन खांदा आणि मुंढा आत घ्यायला सांग. आणि बोटनेक बिनधास्त घाल, खांदे भरल्यासारखे दिसतील.

रेवा७७: छाती भरलेली असेल तर बोटनेक मुळीच नको, अजून जड दिसतं.

शिलाईवाली: टक्स नीट घेतले तर दिसत नाही.

रेवा७७: दिसतं. मी घालून बघितलंय.

मंजिरी_क: खिडकीत बघितलं आत्ता. मोहरीकडे डोळ्याखाली खड्डे दिसतात, राणी बराच बरा. पण विटकरी आणि वांगी दोन्ही सारखेच वाटतायत, काही कळत नाही. शनिवारी एलाइनच सांगते, गळ्याचं मात्र अजून ठरत नाहीये. आणि मोहरीचं कापड दुकानदार परत घेत नाही म्हणतोय.

पिंपळपान: त्याची सलवार शिव, चेहऱ्यापासून लांब राहील.

गोधडी_नाशिक: पैठणीचं काय ठरलं?

शशांक_ठाणे: मेंदी कुठली वापरता? बायको विचारतेय.