छोट्या मराठी मॉडेलमध्ये वेट टायिंग: करावं की टाळावं?

घाटवळण: मराठी मजकुरावर शून्यापासून एक छोटं मॉडेल शिकवतोय. 32,000 टोकन, रुंदी 512, 8 लेयर. सुरुवातीचा, टोकनाचा व्हेक्टर देणारा एम्बेडिंगचा तक्ता आणि शेवटी प्रत्येक संभाव्य पुढच्या टोकनाचा गुण, म्हणजे लॉजिट, काढणारा तक्ता टाय करू, म्हणजे एकच ठेवू, की दोन वेगळे? ज्याला विचारावं तो 'सगळे टायच करतात' म्हणतो. मला कारण हवंय.

खडीसाखर: टाय करा. 32,000 गुणिले 512 म्हणजे एक तक्ता 1 कोटी 64 लाखांचा. तुमच्या एका लेयरमध्ये साधारण साडेएकतीस लाख पॅरामीटर, म्हणजे आठही लेयर मिळून अडीच कोटी. दोन तक्ते ठेवलेत तर निम्म्याहून जास्त मॉडेल नुसत्या तक्त्यांत जाईल. टाय केलंत तर वाचलेल्या जागेत आणखी पाच लेयर बसतात. शिवाय मॉडेल पळेलही जोरात.

दुर्बीण: शेवटचं वाक्य सोडा. आत येताना तक्त्यातली एक ओळ उचलायची असते, त्याला गुणाकार लागत नाही. खर्च आहे तो बाहेर जाताना, आणि टाय केलं तरी प्रत्येक टोकनमागे ते 1 कोटी 64 लाख गुणाकार करावेच लागतात. वाचते ती मेमरी. ऑप्टिमायझर अ‍ॅडम असेल तर त्याच्या दोन जादा प्रतींचीही वाचते.

म्हणूनच तुमची पाच लेयरची तुलना मला पटत नाही. टाय केलेल्या 13 लेयरच्या मॉडेलला टोकनमागे सुमारे 5 कोटी 73 लाख गुणाकार लागतात, वेगळे तक्ते असलेल्या 8 लेयरच्या मॉडेलला 4 कोटी 16 लाख. पॅरामीटर सारखे झाले, पण शिकवण्याचा खर्च तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. घाटवळण यांची अडचण मेमरी आहे की जीपीयूचे तास, हे कळल्याशिवाय 'टाय करा' म्हणण्यात अर्थ नाही. माझं मत: तास कमी असतील तर आठच लेयर आणि दोन वेगळे तक्ते.

बोरूबहाद्दर: पण सगळ्या लेयरची वजनं एकच ठेवली तर मॉडेल उथळ होत नाही का? मी एकदा तसं केलं होतं, निकाल यथातथाच आला.

दुर्बीण: ती वेगळी गोष्ट. तुम्ही एकच लेयर पुन्हा पुन्हा वापरण्याबद्दल बोलताय. इथे फक्त दोन टोकांच्या तक्त्यांचा प्रश्न आहे, मधले लेयर सुटेच राहतात.

खडीसाखर: वेगाचं मान्य. पण टायिंग मुळात जागा वाचवण्यापुरतं आलेलं नाही. 2016 मध्ये ओफिर प्रेस आणि लिओर वुल्फ यांनी ते मांडलं तेव्हा मॉडेल लहान होण्यासोबत पर्प्लेक्सिटीही, म्हणजे पुढचा शब्द ओळखतानाचा गोंधळही, उतरली होती. तेव्हाच्या भाषा-मॉडेलची नेहमीची कसोटी पेन ट्रीबँक, म्हणजे दहा लाखांच्या आतबाहेरचे शब्द. थोड्या मजकुरावर दोन सुटे तक्ते शिकवले की मॉडेल पाठांतर करू लागतं, एकच ठेवला की त्याला आळा बसतो. मराठीचा स्वच्छ मजकूर इंग्रजीच्या मानाने किती थोडा आहे ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुर्बीण: त्याच लेखातली दुसरी गोष्टही सांगा की. टाय केलेला तक्ता शिकत शिकत वेगळ्या ठेवलेल्या बाहेरच्या तक्त्यासारखा होत जातो, आतल्यासारखा नाही. कारण उघड आहे. आतली ओळ हलते ती तो टोकन बॅचमध्ये आला तरच. बाहेरची ओळ मात्र प्रत्येक जागी हलते, कारण जो टोकन पुढे आला नाही त्यालाही सॉफ्टमॅक्स थोडं मागे ढकलतो. दोन्ही ओळी एकच केल्या की ओढाताणीत बाहेरची बाजू जिंकते.

याचा फटका दुर्मिळ टोकनांना बसतो. क्वचित येणारं जोडाक्षर असेल तर त्याच्या वाट्याला जवळजवळ नुसतं ढकलणंच येतं. असे सगळे टोकन एकाच दिशेला ढकलले जाऊन गोळा होतात आणि वाचताना मॉडेलला एकमेकांपासून ओळखू येत नाहीत.

खडीसाखर: आणि वेगळे तक्ते ठेवले तर आतली ओळ सुरुवातीच्या रँडम आकड्यांपाशीच राहते. ओळखू येईल, पण अर्थ शून्य. त्यात फायदा कुठला?

दुर्बीण: ओळखू आली तर मॉडेल ती निदान जशीच्या तशी पुढे उतरवू शकतं. विशेषनामांना तेवढंही पुरतं. फायदा किती, यावर मात्र मी पैज लावणार नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. मधले लेयर क्षणभर विसरा आणि आत आलेला व्हेक्टर थेट बाहेरच्या तक्त्याशी गुणला जातोय असं धरा. तक्ता एकच असेल तर 'लोकमान्य' नंतर 'टिळक' याला जेवढा लॉजिट मिळेल, तेवढाच 'टिळक' नंतर 'लोकमान्य' यालाही मिळेल. भाषेत पहिला क्रम नेहमीचा, दुसरा विरळा. त्यातून कुठल्याही ओळीचा स्वतःशीच गुणाकार धन असतो, म्हणजे या थेट वाटेवर प्रत्येक टोकन स्वतःलाच पुन्हा बोलावतो. हे निस्तरायला पहिल्या एखाद-दोन लेयरची ताकद खर्ची पडते. 80 लेयर असतील तर कोण विचारतो, पण इथे आठच आहेत.

खडीसाखर: तरी मोठ्या कंपन्यांचा कल उलटाच दिसतो. लामा 3.1 च्या 8 अब्जांच्या मॉडेलमध्ये तक्ते वेगळे, लामा 3.2 च्या 1 अब्जाच्या मॉडेलमध्ये एकच. क्वेन 2.5 मध्येही 3 अब्जांपर्यंत टाय, 7 अब्जांपासून सुटे. लहान लामात एकच तक्ता मॉडेलच्या एकपंचमांशाहून जास्त भरतो, दुसरा परवडणारच कसा? मोठ्यात तो सहा-सात टक्के.

दुर्बीण: ती मॉडेलं फोनवर बसवायची असतात, तिथे मेमरी हीच अडचण. घाटवळण यांचं मॉडेल दोन तक्ते धरूनही पावणेसहा कोटींच्या आसपास, ते कुठेही मावतं.

मिरचीभजी: वाद चालू द्या, मी भोगलेलं सांगते. आमच्या गटात एका टाय केलेल्या तयार मॉडेलमध्ये देवनागरी टोकन वाढवून लोरा लावलं होतं, म्हणजे मूळ वजनं गोठवून छोटे जोड-तक्ते शिकवले होते. पूर्ण शिकवायच्या भागांच्या यादीत, `modules_to_save` मध्ये, आतला तक्ता `embed_tokens` आणि बाहेरचा `lm_head` दोन्ही दिले होते. दोघांच्या वेगळ्या प्रती झाल्या आणि वेगवेगळ्या शिकल्या. कॉन्फिगमध्ये `tie_word_embeddings` मात्र `true` च राहिलं. मर्ज करून डिस्कवरून परत उघडलं तेव्हा दोन्हीकडे एकच तक्ता लागला. शिकवताना लॉस सुंदर, उघडल्यावर नव्या टोकनांच्या जागी कचरा. हे तपासत जा, साठवण्याआधी आणि उघडल्यावरही:

```python
a = model.get_input_embeddings().weight
b = model.get_output_embeddings().weight
print(a.data_ptr() == b.data_ptr())
```

साठवण्याआधी `False` आणि उघडल्यावर `True` आलं तर समजा, एक प्रत गेली.

खडीसाखर: शून्यापासून लिहिताना आणखी एक सापळा असतो. पायटॉर्चमध्ये `nn.Embedding` चे आकडे 1 च्या प्रमाण विचलनाने सुरू होतात, `nn.Linear` चे कितीतरी लहान. `lm_head.weight = wte.weight` लिहिलंत तर मोठे आकडे बाहेरच्या टोकाला जातात आणि वर दुर्बीण म्हणाले तो स्वतःलाच बोलावणारा लॉजिट शेकड्यांत पोचतो. 32,000 टोकनांना पहिल्या पायरीचा लॉस 10.4 च्या आसपास हवा. शेकड्यांत दिसला तर थांबा आणि तक्ता 0.02 ने सुरू करा. मग आतला व्हेक्टर फार बारीक वाटला तर आत येताना त्याला रुंदीच्या वर्गमुळाने गुणा. 2017 च्या मूळ ट्रान्सफॉर्मरमध्ये तसंच केलं होतं.

घाटवळण: माझा पहिल्या पायरीचा लॉस 400 च्या वर होता. मला वाटलं टोकनायझर बिघडलाय. आणि हो, मेमरी मुबलक आहे, जीपीयूचे तास मोजके. आठ लेयरची दोन्ही मॉडेलं सारख्याच टोकनांवर चालवतो.

दुर्बीण: सरासरी लॉस एकटा बघू नका. नेहमीच्या टोकनांचा आणि दुर्मिळ टोकनांचा वेगवेगळा काढा. मजकूर थोडा असेल तर खडीसाखर यांचं म्हणणं नेहमीच्या टोकनांवर खरं ठरेल, असा माझाही अंदाज आहे.

खडीसाखर: दुर्मिळांवरही ठरेल. आकडे टाका, मग बोलू.