मदत हवी आहे: कार्बनचा वार्षिक हिशोब जुळत नाही

गणितगोंधळ: कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून जगात वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवेतलं त्याचं प्रमाण १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, वाढायला २.१३ अब्ज टन लागतात असं वाचलं. भागाकार केला तर वर्षाला १७ पीपीएम वाढ यायला हवी. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेच्या नोंदींत मात्र अलीकडची वाढ सरासरी अडीचच्या आसपास. बाकीचा जातो कुठे?

पानगळ: झाडं खातात की! प्रकाशसंश्लेषणात वर्षाला १२० अब्ज टनांच्या आसपास कार्बन शोषला जातो. आपलं उत्सर्जन त्यापुढे किरकोळ आहे.

खारेपाणी: पानगळ, आकडा ठीक, पण ती फक्त जमेची बाजू झाली. जवळपास तेवढाच कार्बन झाडांच्या आणि प्राण्यांच्या श्वसनातून, पालापाचोळा कुजून परत हवेत जातो. मोजायची ती शिल्लक.

गणितगोंधळ, तुमची गफलत एककात आहे. २.१३ हे नुसत्या कार्बनचं वजन, ३७ हे डायऑक्साइडचं. कार्बनचा अणू १२, अख्खा रेणू ४४. म्हणून ३७ ला ३.६७ ने भागा. आले १०.१. जंगलतोडीचा साधारण १ मिळवून ११ धरा. त्याला २.१३ ने भागलं की ५.२ पीपीएम. प्रत्यक्ष वाढ अडीच, म्हणजे निम्मा हवेतच राहतो. सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो, उरलेला जमिनीवरची झाडं आणि माती.

गणितगोंधळ: अरे हो, एककंच पाहिली नाहीत! पण समुद्र एवढा अवाढव्य, मग सगळाच का नाही घेत?

खारेपाणी: कारण हवेला भिडतो तो फक्त वरचा थर, आणि तो साधारण वर्षभरात हवेशी जुळवून घेतो. खालच्या पाण्यापर्यंत कार्बन पोचायला वरचं पाणी गार आणि जड होऊन बुडावं लागतं. ते मोजक्या ठिकाणी होतं, उदाहरणार्थ उत्तर अटलांटिकमध्ये, आणि सगळा समुद्र ढवळून निघायला शतकं लागतात. शिवाय विरघळलेला वायू पाण्यातल्या कार्बोनेटशी जुळून बायकार्बोनेट होतो. कार्बोनेट घटत गेलं की पाण्याची भूकही मंदावते.

अंगणवेल: जरा वेगळं विचारते. माझ्या अंगणातलं झाड किती घेतं, ते याच हिशोबात काढता येईल का?

खारेपाणी: येईल. वाळलेल्या लाकडाचा साधारण निम्मा भार कार्बनचा. झाडाचं कोरडं वजन २०० किलो असेल तर कार्बन १०० किलो, म्हणजे ३६७ किलो डायऑक्साइड. पण ही झाडाची आजवरची एकूण साठवण, दरवर्षीची नव्हे. जाळलं किंवा कुजलं की परत हवेत.

पानगळ: म्हणजे जमीन घेते हे तरी खरं ना? हवेत डायऑक्साइड वाढला की झाडं जास्त वाढणार, जास्त घेणार.

खारेपाणी: काही अंशी. पाणी, नायट्रोजन, फॉस्फरस कमी पडले की ती वाढ अडते. एल निनोच्या वर्षी उष्ण कटिबंधात दुष्काळ पडतो, वणवे लागतात, जमीन कमी घेते आणि मौना लोआचा आलेख जास्त चढतो. जमिनीचा हा वाटा पुढे किती टिकेल, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही.

पानगळ: हे नाही पटलं. नायट्रोजन मुळांवरचे जिवाणू देतातच की.

खारेपाणी: सगळ्या झाडांना नाही. आणि फॉस्फरस कुठून आणणार?