जॉइनिंग बोनस परत मागणार: पूर्ण रक्कम की हातात आलेली?

वाकडकर_आता_बंगळुरात:
१ ऑक्टोबर २०२४ ला रुजू झालो. ३ लाख जॉइनिंग बोनस त्याच महिन्याच्या पगारात आला, टीडीएस जाऊन हातात २,०६,४००. ऑफर लेटरमध्ये '१२ महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास बोनस व रिलोकेशनचा खर्च परत' असं आहे. आता दुसरीकडून ऑफर आहे. नोटीस ६० दिवसांची. ८ ऑगस्टला राजीनामा टाकला तर शेवटचा दिवस ७ ऑक्टोबर, म्हणजे वर्ष भरतंय. सुटलो ना?

रोखठोक:
एक रुपया देऊ नका. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे असले बॉण्ड भारतात बेकायदा आहेत.

माजी_एचआर_ताई:
रोखठोक, कलम २७ दुसरीकडे काम करायला अडवण्याबद्दल आहे. घेतलेले पैसे परत मागणं वेगळं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं नोकरी नाहीतर २ लाख भरा ही अट सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. तरी कलम ७४ आहेच, वाजवीपेक्षा जास्त रक्कम मागितली तर भांडता येतं.

वाकडकर, तुमच्या लेटरमध्ये 'राजीनामा दिल्यास' आहे, 'नोकरी सोडल्यास' नाही. कंपनी ८ ऑगस्ट हीच तारीख धरणार. शेवटचा दिवस कधीही असो, वर्ष पुरं व्हायच्या आत मेल गेला की तुम्ही सापडलात. नव्या कंपनीकडून तारीख पुढे मिळत असेल तर १ ऑक्टोबरपर्यंत मेल टाकूच नका. ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच वसुली आहे का ते वाचा. तशी असेल तर दोन महिन्यांचे ५० हजार, नसेल तर सगळे ३ लाख.

वाकडकर_आता_बंगळुरात:
प्रमाणाचं काहीच लिहिलेलं नाही. पण ३ लाख का? मला तर २,०६,४०० मिळाले!

माजी_एचआर_ताई:
बहुतेक जण पूर्णच मागतात, ९३,६०० तुमच्या नावावर सरकारकडे भरलेत म्हणून. त्याच आर्थिक वर्षात सोडलं असतं तर पगारातून वजा करून टीडीएस जुळवता येतो. तुमचं वर्ष मार्चमध्ये पालटलं, फॉर्म १६ सुद्धा निघाला असेल. एचआरला मेलवर विचारा, पण राजीनाम्याचा वास येऊ न देता.

हिशोबनीस:
तो कर परत मिळवणं कटकटीचं आहे. नोटीस पेची वसुली पगारातून वजा धरावी असं अहमदाबादच्या न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये म्हटलंय. बोनसला ते लागू होईल असं माझं मत, पण खातं मान्य करेलच असं नाही. आणि नवी कंपनी ही रक्कम भरून देणार असेल तर तीही पगारात धरून करपात्र होते. ३ लाख मागाल तर ३ लाख पुरणार नाहीत.

कोथरूडची_मेघा:
माझ्याकडून पॅकर्सवाल्याचं बिल मागितलं, जे मी कधी पाहिलंही नव्हतं, कंपनीनेच परस्पर भरलेलं. बिलाची प्रत मागितल्यावर रक्कम १८ हजारांनी कमी झाली.

वाकडकर_आता_बंगळुरात:
नवे लोक ३ नोव्हेंबरपर्यंतच थांबणार म्हणतात. १ ऑक्टोबरला मेल टाकला तर नोटीस ३० नोव्हेंबरपर्यंत. मग उरलेले दिवस विकत घेऊन सुटावं का?

माजी_एचआर_ताई:
नोटीस पे बहुधा बेसिकवर असतो, लेटर बघा. तो ३ लाखांपेक्षा कमी निघाला तर तेच स्वस्त. पण नोटीस विकत घेऊ देणं कंपनीच्या मर्जीवर असेल तर आधी तेच वाक्य इथे टाका.