मदत हवी आहे: फोटोवरून रूम हीटर कोणता आणि वीज किती खाईल, हे कसं ओळखायचं?

सिन्नरची_माई
लेक यूपीएससीच्या क्लाससाठी दिल्लीला, जुन्या राजेंद्र नगरात चालली आहे. तीन खोल्या पाहून ठेवल्यात. भाडं जवळपास सारखंच, पण वीज प्रत्येक ठिकाणी सब-मीटरवर, युनिटला १० रुपये. तिन्ही मालक म्हणतात "हीटर है जी", आणि फोटोत कोपऱ्यात काहीतरी दिसतंय. डिसेंबर-जानेवारीत रोज संध्याकाळी चार तास तरी लागेल.

फोटो टाकता येत नाहीयेत, म्हणून वर्णन करते.
पहिली खोली: पांढरट, बुटका, खाली चाकं, जाड पत्र्याच्या उभ्या पट्ट्या ओळीने. वर टॉवेल वाळत घातलाय.
दुसरी: उभी जाळी, आत दोन पांढऱ्या नळ्या, मागे चकचकीत पत्रा.
तिसरी: काळा, उंच, अरुंद, पुढे बारीक जाळी. फोटो अंधारात काढलाय.

बिलाचा अंदाज लागेल का?

गारठलेला_पुणेकर
पहिला ऑइल हीटर. डोळे मिटून ती खोली घ्या. आत तेल असतं, ते एकदा तापलं की तापलेलंच राहतं, त्यामुळे वीज सगळ्यात कमी. हॅलोजन मात्र मीटर पळवतो, त्याचा उजेड पाहूनच कळतं.

बाळूमामा_७२
पाण्यासाठी रॉड वापरू देतात का ते आधी विचारा. माझ्या पुतण्याच्या मालकाने रॉड जप्त केला होता. गीझर १५ लिटरचा असेल तर उत्तम.

सिन्नरची_माई
मामा, पाण्याचा नाही हो, खोली गरम करायचा हीटर.

तारयंत्री
माई, वर्णन चांगलं केलंत, त्यावरून बरंच सांगता येतं. मी वायरिंगची कामं करतो, त्यातली काही वर्षं फरीदाबादला गेली.

पहिला ऑइल हीटरच. आता टॉवेलखालच्या पट्ट्या मोजा. त्यांना फिन म्हणतात. बाजारात बहुतेक ९, ११ आणि १३ फिनचे मिळतात. ९ चा साधारण २००० ते २४०० वॉटचा, ११ चा २५०० च्या आसपास, आणि १३ चा बहुतेकदा छोटा पंखा धरून २९०० चा. हा काही नियम नाही, कंपनीगणिक फरक पडतो. बाजूला दोन बटणं दिसली तर एक वॉट निवडायचं आणि दुसरं थर्मोस्टॅटचं. आणि तो टॉवेल काढायला सांगा. या हीटरवर काही झाकायचं नसतं.

दुसरा हॅलोजन किंवा क्वार्ट्झ. बंद असताना दोन्हींच्या नळ्या बऱ्याचदा दुधी दिसतात, फोटोवरून वेगळे करणं कठीण. पण बिलापुरता फरक पडत नाही, कारण दोन्हींत एक नळी बहुधा ४०० वॉटची. दोन नळ्या म्हणजे ८००, तीन असत्या तर १२००. चालू हीटरचा फोटो असेल तर पेटलेल्या नळ्या मोजू नका, एकूण मोजा. बऱ्याच हीटरांत नळ्या वेगवेगळ्या लावता येतात.

तिसऱ्याचं खात्रीने सांगत नाही. बारीक जाळीमागे पंख्याची पाती किंवा तारेचं वेटोळं दिसलं तर ब्लोअर. जाळीमागे आरशासारखा वाकवलेला पत्रा चमकला तर उभा हॅलोजन. फोटो मोबाइलवर उजळ करून पाहा.

पुणेकर, तेलाने वीज वाचत नाही. २००० वॉटचं कॉइल तेलातून तापवा की हवेतून, एका युनिटला उष्णता तेवढीच. ऑइल हीटरचं बिल आवाक्यात राहतं ते थर्मोस्टॅटमुळे. खोली तापली की तो 'टिक' करून बंद होतो, गार झाली की परत लागतो. तेल फक्त मधल्या वेळात ऊब टिकवतं.

गारठलेला_पुणेकर
म्हणजे वीज कमी लागते हे बरोबरच ना? कारण काही का असेना.

तारयंत्री
हॅलोजनपेक्षा नाही. हिशोब घाला. ऑइल २००० वॉटचा धरू. पहिला तास पूर्ण चालला, २ युनिट. पुढचे तीन तास निम्मा वेळ चालू राहिला तर आणखी ३. दिवसाला ५ युनिट, ५० रुपये, महिन्याला दीड हजार. निम्मा वेळ हा माझा अंदाज. खिडकीला फट असेल तर तो हीटर बंदच होणार नाही, मग ८ युनिट.

दोन नळ्यांचा हॅलोजन चार तास न थांबता चालला तरी ३.२ युनिट, म्हणजे ३२ रुपये. पण तो समोरच्या माणसाला तापवतो, खोलीला नाही. टेबलाशी बसून वाचणाऱ्या मुलीला चालेल, पांघरुणातून उठून गेलं की गारठाच. ब्लोअर २००० वर सलग ठेवला तर ८ युनिट, १००० वर ४. खोली मात्र तो सगळ्यांत लवकर तापवतो.

लीड्सवरून_मृण्मयी
आमच्याकडे घरमालकिणीने ऑइल हीटर दिलाय, १५०० वॉटचा. रात्री बंद केला तरी अर्धा तास कोमट असतो. हॅलोजनने माझे डोळे कोरडे पडतात. खोलीतला ऑक्सिजनही तो जाळतो म्हणे?

तारयंत्री
विजेचा कुठलाच हीटर ऑक्सिजन जाळत नाही, त्यात काही पेटत नसतं. तो धोका शेगडीचा आणि गॅस हीटरचा. डोळ्यांना त्रास होतो तो समोरून येणाऱ्या झळीमुळे.

माई, आणखी एक खूण, प्लग. भारतात दोन मापं आहेत. बारीक पिनांचा ६ अँपिअरचा प्लग असेल तर हीटर साधारण १४०० वॉटच्या आतला. जाड पिनांचा १६ अँपिअरचा असेल तर त्याच्या वरचा असण्याची शक्यता जास्त. जाड प्लग कन्व्हर्टर लावून साध्या एक्स्टेन्शन बोर्डात घुसवलेला दिसला तर तो बोर्ड वापरू नका म्हणावं.

लीड्सवरून_मृण्मयी
इकडे ही खूण चालणार नाही. इस्त्री असो की हीटर, प्लग एकाच आकाराचा. फरक असलाच तर आतल्या फ्यूजमध्ये.

सिन्नरची_माई
मोजले. पहिल्याच्या नऊ पट्ट्या, प्लग जाड. दुसऱ्याचा प्लग बारीक. तिसऱ्याचा फोटो उजळला, तर नुसता करडा धूर. मालक म्हणतो, "हज़ार वाट का है." विश्वास ठेवू?

तारयंत्री
ब्लोअरच्या बटणाला बहुतेकदा १००० आणि २००० असे दोन टप्पे असतात, तो खालचा सांगत असेल. मागे किंवा तळाशी छोटी पाटी असते, तिच्यावर वॉट छापलेले असतात. तिचाच फोटो मागवा, म्हणजे आकारावरून तर्क करायची गरजच नाही. दिल्लीत संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर प्रत्यक्ष ताकद त्याहून कमी भरते. २३० ऐवजी २०० आलं की २००० चा हीटर दीड हजाराच्या जवळ येतो.

राहायला गेल्यावर लेकीला मीटर तपासता येईल. सब-मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक. बाकी सगळं बंद करून, फक्त हीटर लावून मिनिटभर लुकलुक मोजायची. २००० वॉटला सुमारे १०७ वेळा, ८०० ला ४३. ऑइलचं मात्र अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. थर्मोस्टॅटने तोडलेला असला तर दिवा जवळजवळ थांबलेला दिसेल.

बाळूमामा_७२
मी तेच म्हणत होतो. १५०० चा रॉड आणि २००० चा हीटर एकदम लावला की सोळाचा एमसीबी लगेच नाही तरी थोड्या वेळात पडू शकतो. पुतण्याचं तसंच झालं.

तारयंत्री
मामांचं इथे बरोबर. पंधरा अँपिअरच्या वर जातंच, त्यात खोलीतलं बाकीचं. आंघोळीच्या वेळी हीटर बंद.

सिन्नरची_माई
पहिल्या मालकाने पाटी पाठवली, २४०० वॉट. दुसरी खोली लेकीला आवडलीय, पण तिथे खिडकीच्या काचेला तडा आहे. तिसऱ्याला पाटी मागितली, तर त्याने खोलीचाच नवा फोटो पाठवलाय, त्यात हीटर नाहीये!