सहाव्या दिवशी कावीळ: कोणती रिअ‍ॅक्शन?

> "दोन बाळंतपणं झालेली बाई. दोन पिशव्या रक्त दिल्यावर सहाव्या दिवशी हिमोग्लोबिन ९.४ वरून ७, डोळे पिवळे. क्रॉसमॅच जुळलं होतं. अक्यूट हिमोलिटिक, फेब्राइल, अ‍ॅलर्जिक की डिलेड हिमोलिटिक?"

डिलेड हिमोलिटिक. आधी वेळ बघा. एबीओ चुकला असता तर रक्त चढतानाच किंवा पहिल्या काही तासांत थंडी-ताप, कंबरदुखी, लाल लघवी दिसली असती. फेब्राइल आणि अ‍ॅलर्जिकमध्ये लाल पेशी फुटतच नाहीत.

खरा प्रश्न क्रॉसमॅचचा आहे, आणि परीक्षक इथेच पकडतात. बाळंतपणात बाळाच्या पेशींमुळे आईत अँटीबॉडी तयार होते, ती वर्षांनुवर्षांत इतकी कमी होते की कूम्ब्स क्रॉसमॅचलाही दिसत नाही. तेच अँटिजन असलेलं रक्त गेलं की ती काही दिवसांत जोरात वाढते. किड गटाच्या अँटीबॉडीज यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

लॅबमध्ये आता काय कराल? नवा सँपल घेऊन डायरेक्ट कूम्ब्स लावा. बहुधा पॉझिटिव्ह येईल, तेही मिक्स्ड फील्ड, कारण अँटीबॉडी फक्त दात्याच्या पेशींना चिकटलेली असते. मग जुना आणि नवा, दोन्ही सँपल त्याच पिशव्यांच्या राखून ठेवलेल्या तुकड्यांशी पुन्हा क्रॉसमॅच करा. जुना जुळेल, नवा जुळणार नाही. म्हणूनच आपल्या मुंबईतल्या रक्तपेढ्यांतही रुग्णाचा सँपल आणि पिशवीचा तुकडा रक्त दिल्यानंतर सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतात.

एक सावधगिरी: दात्याच्या बहुतेक पेशी आधीच नष्ट झाल्या असतील तर डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्हही येतो. तेवढ्यावरून हा पर्याय खोडू नका.