आजोबांना ग्रुप फोटोत बसवायचे ४,५०० रुपये?

महालचं_लग्नघर
भावाच्या लग्नाचा ग्रुप फोटो आहे. आजोबा दोन वर्षांआधी गेले, त्यांना आजीच्या बाजूला बसवून २० बाय ३० इंचाची फ्रेम करायची आहे. एका रिटचरला भाव विचारला तर बाप्पा, पत्रच आलं! ४,५०० रुपये, अर्धे आधी, ६ दिवस, दुरुस्त्या दोनदाच, पुढे प्रत्येक वेळी ५००. बर्डीवरच्या स्टुडिओत १५० मध्ये होते. ही लूट नाही तर काय?

कात्री_आणि_ब्रश
पत्र माझंच. अर्धंच सांगितलं तुम्ही, म्हणून लिहून राहिलो.

तुम्ही आजोबांचे तीन फोटो दिले. पहिला व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला, त्यात चेहरा जेमतेम १४० पिक्सेल. तुमच्या फ्रेममध्ये प्रत्येक चेहरा दीड इंचाचा येईल, म्हणजे ३०० तरी पाहिजेत. सगळे लख्ख आणि आजोबा तेवढे धुक्यात, असं दिसेल. दुसरा हात लांब करून काढलेला सेल्फी. त्यात नाक मोठं, कान मागे. ग्रुप फोटो १५ फुटांवरून काढलाय, तिथे ते नाक जुळत नाही.

तिसरा, अल्बममधला, चांगला आहे. पण त्यात उजेड उजवीकडून आणि तुमच्या स्टेजवर डावीकडून. फोटो उलटवला की गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर जातो, सदऱ्याचा खिसा उजवीकडे येतो. म्हणून सावलीतला गाल हाताने उजळायचा आणि उजळ गाल दाबायचा, यातच चार तास. पांढरे केस काळ्या पडद्यासमोर कापायला दोन, आजीचा पदर त्यांच्या हातावर आणायला एक, पायाखालची सावली, रंग आणि फोटोतला दाणा जुळवायला दोन. नऊ तास, तासाचे ५००.

दुरुस्तीचंही पत्रात होतं. आधी लहान, कच्ची जोडणी पाठवतो. कुठे बसवायचं, किती उंच, कोणता फोटो, हे तिथेच ठरवा, त्याचे पैसे नाहीत. तुम्ही हो म्हटल्यावर पक्कं काम सुरू होतं. नंतर ‘थोडं डावीकडे घ्या’ म्हटलं की सावली, पदर, उजेड सगळं परत. मागे एका घरी काका डावीकडे म्हणत, आत्या उजवीकडे. अकरा वेळा केलं, पैसे एकदाचेच मिळाले.

बर्डीचा_जुना_स्टुडिओ
२५ वर्षांपासून करून राहिलो भाऊ, १५० मध्येच. तेरवीच्या फोटोला कोटसुद्धा घालून देतो. तुमचं पत्र म्हणजे नखरे.

कात्री_आणि_ब्रश
पाच बाय सातच्या, एकट्या माणसाच्या फोटोला १५० बरोबरच आहेत. तिथे बाजूला तुलना करायला कोणी बसलेलं नसतं. तुमचाच एखादा ग्रुप कृष्णधवल करून बघा. बसवलेल्या माणसाच्या सावल्या शेजाऱ्यापेक्षा जास्त काळ्या दिसल्या की जोड उघडा पडला.

नंदनवनची_सून
आमच्याकडे हेच झालं! सासऱ्यांचा फोटो उलटवून बसवला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘हे कोण आणून बसवलं?’ तिळावरून ओळखलं त्यांनी. फ्रेम आता कपाटामागे आहे.

महालचं_लग्नघर
तीळ मान्य. पण सहा दिवस त्याने मूळ फाइल मिळाल्यापासून मोजले आहेत. लग्नाचा फोटोग्राफर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, देतच नाही, मग दिवस मोजणं सुरू कधी होणार?

वकिली_नको_पण
काहून देत नाही? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक. रॉ तुमचीच!

शटर_नागपूर
अर्धवट वाचू नका. वेगळा करार नसेल तर, असंही तिथेच लिहिलंय. आणि हक्क तुमचा म्हणजे माझ्या कार्डावरची प्रत्येक फाइल उचलून द्यायची, असं कुठे म्हटलं? माझी रॉ कुणीतरी हिरवी-निळी करून स्टेटसला टाकली आणि खाली नाव माझं. तेव्हापासून बंद.

वकिली_नको_पण
म्हणजे लग्न आमचं, पैसे आमचे आणि फोटो तुमच्या तिजोरीत. वा राजे हो.

शटर_नागपूर
करारावर सही करताना डोळे मिटले होते का?

कात्री_आणि_ब्रश
भांडा तुम्ही, पण मी रॉ मागितलीच नव्हती. पूर्ण मापाची जेपीजी चालते, फक्त व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका. फोटो म्हणून टाकली की लहान होऊनच येते. रॉ असती तर स्टेजच्या लाल लाइटमध्ये जळलेले शेले थोडे सावरले असते, एवढंच.

बर्डीचा_जुना_स्टुडिओ
हे मात्र खरं. लाल लाइटने आमचाही जीव खाल्ला. पण ४,५०० जास्तच आहेत.

महालचं_लग्नघर
फाइल आणि अर्धे पैसे उद्या पाठवतो, इलाज काय. पण दुरुस्त्या आई वेगळ्या सांगेल आणि काका वेगळ्या. ते एकच वेळा धराल ना?

कात्री_आणि_ब्रश
एकाच कागदावर, एकाच्याच फोनवरून आलं तर एक. काकांनी रात्री ११ ला वेगळा फोन केला तर दोन.