मदत हवी आहे: वार्षिक पगारावरून तासाचा दर कसा काढावा?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण इंदूरला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम बघते. पगार वर्षाला 6,00,000. आता मालक म्हणतात, तासावर काम कर, 240 रुपये देतो. सुट्टीचे पैसे मात्र नाहीत.

त्यांनी 365 मधून फक्त 52 रविवार वजा केले. 313 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 2504 तास. पण प्रत्यक्षात ती एवढे तास बसतच नाही. रंगपंचमी, दिवाळी धरून सणांच्या 12 सुट्ट्या आहेत. त्यातल्या 2 यंदा रविवारी येतात, त्या दोनदा वजा करायच्या नाहीत, म्हणून 10 धरल्या. हक्काची रजा 23 दिवस. उरले 280 दिवस, म्हणजे 2240 तास. दर येतो साधारण 268. 240 ने तेवढ्याच तासांचे 5,37,600 होतात, वर्षाला 62,400 कमी! मला हे अजिबात पटत नाही.

अडलंय ते इथे. 23 पैकी 7 दिवसांची रजा ती दरवर्षी न घेता तिचे पैसे घेते, आणि ते 6 लाखांत धरलेले नाहीत. मग ते 7 दिवस कामाचे धरून रजेचे पैसे पगारात मिळवायचे, की पूर्ण 23 वजा करायचे? शिवाय पीएफमधला मालकाचा वाटा आता बंद होणार, तोही 6 लाखांवर चढवूनच भागायचं ना? पेरोलचं काम केलेल्या कुणी नीट सांगाल का? सोमवारी तिला उत्तर द्यायचंय.